ऑनलाइन घेतलेली साडी खोटी निघाली, आता भांडायचं कुणाशी?

आमचं बेळगावात कापडाचं छोटं दुकान आहे, वडिलांपासूनचं. साडीवरनं गिऱ्हाईकाशी वाद होणं हे आमच्यासाठी रोजचंच, म्हणजे कोण म्हणतंय रंग गेला, कोण म्हणतंय जर काळी पडली. त्यामुळं आता ओळखीपाळखीतल्या बायका ऑनलाइन मागवलेल्या साड्यांची भांडणं पण माझ्याकडंच घेऊन येतात, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत मी अशी बरीच प्रकरणं मोबाइलवर बसून निस्तरलीत. त्यातलं एक इथं पूर्ण सांगतो, कारण पहिल्यांदा ऑनलाइन भांडणाऱ्याच्या ज्या ज्या चुका होतात त्या सगळ्या त्यात झाल्या, आणि अ‍ॅपवरचं भांडण नेमकं कुठवर जातं आणि कुठं अडतं ते पण त्यात दिसलं.

निपाणीला आमच्या एक वहिनी असतात. मुलीच्या साखरपुड्यासाठी त्यांनी एका मोठ्या अ‍ॅपवरनं ४,२०० रुपयांची साडी मागवली, फोटोखाली लिहिलेलं 'प्युअर सिल्क'. साडी मंगळवारी आली, साखरपुडा पुढच्या नाही त्याच्या पुढच्या रविवारी, म्हणजे हातात बारा दिवस. वहिनींनी साडी बघितली, रंग आवडला, आणि दुसऱ्याच दिवशी ब्लाउजपीस कापून टेलरकडं टाकला. टेलरनं कापडाला इस्त्री लावली तर ते आकसायला लागलं, तो म्हणाला वहिनी हे रेशीम नव्हे, पॉलिस्टर आहे. तिथनं सगळं सुरू झालं.

हीच साडी माझ्या दुकानातनं गेली असती तर काय झालं असतं ते आधी सांगतो. वहिनी साडी घेऊन आल्या असत्या, मी पदर दारातल्या उजेडाला धरला असता, बोटांत चुरगाळून बघितला असता, गोंड्यातला एक धागा काडीनं जाळला असता. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दोन मिनिटांत दोघांनाही कळलं असतं. मग मी म्हटलं असतं, वहिनी माल माझ्याकडनं चुकीचा गेला, पण ब्लाउजपीस तुम्ही कापलाय, तर त्याचे तेवढे सोडा आणि ही दुसरी घेऊन जा. त्याच संध्याकाळी विषय संपला असता.

अ‍ॅपवर यातलं काहीच करता येत नाही. तिथं समोरच्याला कापडाला हात लावता येत नाही, वास येत नाही, त्याला दिसतात फक्त फोटो आणि तुम्ही लिहिलेली चार वाक्यं. म्हणून ऑनलाइन भांडायचं म्हणजे हाताला कळलेली गोष्ट वाचून कळेल अशी करायची, बाकीचं सगळं त्याच्या मागनं येतं.

आधी पुरावा, मग तक्रार

वहिनींनी मला फोन केला गुरुवारी. मी पहिलं सांगितलं की त्या साडीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, 'प्युअर सिल्क' हे शब्द दिसायला पाहिजेत, किंमत दिसायला पाहिजे, विक्रेत्याचं नाव दिसायला पाहिजे. हे आधी का, तर पानावरचं लिखाण विक्रेता कधीपण बदलू शकतो, तक्रार गेली की 'प्युअर सिल्क'चं 'सिल्क ब्लेंड' व्हायला वेळ लागत नाही.

दुसरं, ऑर्डरमध्ये जाऊन बिल डाउनलोड करा. बिल कुणी उघडतच नाही, आणि आमच्या धंद्यातला माणूस पहिलं तेच बघतो. बिलावर मालासमोर बहुतेक वेळा एचएसएन कोड असतो, जीएसटीसाठीचा आकडा. रेशमी कापडाचा कोड ५००७ नं सुरू होतो आणि सिंथेटिक धाग्याच्या कापडाचा ५४०७ नं. वहिनींच्या बिलावर होता ५४०७. म्हणजे पानावर प्युअर सिल्क म्हणून विकलं आणि बिलात स्वतःच सिंथेटिक म्हणून लिहिलं. कधी कधी विक्रेता आळसानं सगळ्या मालाला एकच कोड टाकतो, त्यामुळं नुसत्या कोडवर सगळं सिद्ध झालं असं नाही, पण त्याला उत्तर द्यावं लागतंय ना, आणि लांब बसलेल्या माणसाला ही विसंगती हात न लावता कळते, लेखी तक्रारीत जळालेल्या धाग्यापेक्षा हा पुरावा जास्त चालतो.

तिसरं, धागा जाळल्याचा व्हिडिओ. तो साडीच्या मधनं काढायचा नाही, पदराच्या गोंड्यातला एखादा सुटा धागा घ्यायचा, आणि व्हिडिओ न तोडता एका दमात काढायचा, सुरवातीला पार्सलवरचं लेबल आणि साडी एकाच फ्रेममध्ये दाखवून. साडीला सिल्क मार्कचं लेबल आहे का ते पण त्यातच दाखवायचं (सेंट्रल सिल्क बोर्डाच्या योजनेतलं ते लेबल). ते नसलं म्हणून साडी खोटी असं होत नाही, पण असलं की तपासायला सोपं जातं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असला तर उत्तमच, वहिनींकडं तो नव्हता, आणि पुढं त्यावरनं बोलणं खावं लागलं.

कारण निवडताना घाई करू नका

मला फोन करायच्या आधीच वहिनींनी रिटर्न टाकून ठेवलेला, आणि कारणाच्या यादीत निवडलेलं 'क्वालिटी आवडली नाही'. यादीत तसली पाच-सहा कारणं असतात आणि दिसायला सगळी सारखीच वाटतात, पण ती सारखी नाहीत. आवडली नाही म्हणजे तुमची मर्जी बदलली, मग अ‍ॅप स्वतःच्या रिटर्न पॉलिसीप्रमाणं चालतं. 'माहितीत लिहिल्याप्रमाणं नाही' हे कारण निवडलं की जबाबदारी विक्रेत्यावर जाते, कारण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणं नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. एका टिकमार्कनं केस इकडची तिकडं होते.

शनिवारी पिकप बॉय आला. त्याच्या मोबाइलवर चेकलिस्ट असते, टॅग आहे का, फोटोशी जुळतंय का, कापलेलं-वापरलेलं नाही ना. ब्लाउजपीस नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "आगंगिल्ल अक्का," म्हणजे जमणार नाही ताई, आणि गाडीला किक मारून गेला. वहिनी दारात उभं राहून त्याला टेलरची सगळी हकीकत सांगत होत्या, त्याला कन्नडच येत होतं आणि वहिनींना कन्नड मोडकंतोडकं, पण खरं सांगायचं तर भाषा येत असती तरी उपयोग नव्हता, त्या पोराच्या हातात हो म्हणायचा अधिकारच नाही. त्याच्यावर चिडू नका. तासाभरात अ‍ॅपवर आलं, रिटर्न कॅन्सल.

मग आम्ही बसून दुसऱ्यांदा टाकलं, बरोबर कारण निवडून, आणि मजकूर असा लिहिला:

"ऑर्डर क्रमांक अमुक. तुमच्या पानावर 'प्युअर सिल्क' लिहिलंय, स्क्रीनशॉट जोडलाय. तुमच्याच बिलावर एचएसएन कोड सिंथेटिक कापडाचा आहे, बिल जोडलंय. धागा जाळल्यावर वितळतो, व्हिडिओ जोडलाय. ब्लाउजपीस खोटेपणा कळायच्या आधी कापला, तो टेलरकडं आहे, परत देईन. मला पूर्ण रिफंड पाहिजे. शनिवारी पिकपवाल्यानं नेलं नाही."

बघा, यात 'फसवलं', 'लुटलं', 'तुमची लायकी काय' असलं एक अक्षर नाही. समोर वाचणारा माणूस दिवसाला ढीगभर तक्रारी बघतो, त्याला सापडायला पाहिजे काय कबूल केलं होतं, काय आलं, पुरावा कुठाय आणि मागणी काय. आणि कापलेल्या ब्लाउजपीसची गोष्ट आपणहून सांगितली, लपवली नाही, कारण ती उद्या निघणारच आणि मग बाकीचं खरं पण खोटं वाटतं. मराठीत लिहिलं तर बऱ्याच वेळा नुसतं ठरलेलं उत्तर येतं, म्हणून घरातल्या शिकलेल्या पोराकडनं हेच साध्या इंग्रजीत करून पाठवा.

तरी सोमवारी परत नकार आला. कारण तेच, माल मूळ स्थितीत नाही. फॉर्ममध्ये प्रश्न होता, वस्तू मूळ स्थितीत आहे का, हो किंवा नाही. वहिनींचं खरं उत्तर होतं 'नाही, पण', आणि त्या 'पण'ला फॉर्ममध्ये जागाच नाही. ऑनलाइन निवाड्याची सगळ्यात मोठी अडचण मला तिथं दिसली. पार्सल पोचलं की नाही, साइज चुकली की नाही, पैसे दोनदा कटले की नाही, असल्या एका रेषेत उत्तर निघणाऱ्या भांडणात अ‍ॅप चांगलं काम करतं, घरबसल्या दोन दिवसांत पैसे परत येतात, ते मी पण कितीदा अनुभवलंय. जिथं थोडी चूक याची थोडी त्याची असते तिथं ते अडतं, कारण मधला रस्ता काढायला कुणीतरी दोघांचं ऐकून घेणारं लागतं.

विक्रेत्याचा फोन आला तर

सोमवारी संध्याकाळी विक्रेत्याचा फोन आला, माणूस सुरतचा, बोलायला गोड. म्हणाला भाभीजी दोन दिवस थांबा, मी बघतो, ती तक्रार तेवढी बंद करा. वहिनी बंद करणारच होत्या. रिटर्नची मुदत होती सात दिवस, म्हणजे मंगळवारी संपणार, आणि दोन दिवस थांबणं म्हणजे मुदतीबाहेर जाणं. तो मुद्दाम करत होता का नाही मला माहीत नाही, पण तोंडी शब्दावर तक्रार बंद करायची नाही म्हणजे नाही. बोला, जरूर बोला, पण फोन ठेवल्यावर अ‍ॅपवरच्या त्याच तक्रारीत, म्हणजे तिकिटात, लिहून टाका की आज इतक्या वाजता विक्रेत्याचा फोन आला आणि त्यानं असं असं सांगितलं.

आणि एक, फोन तुम्हाला आला किंवा बिलावरच्या नंबरवर तुम्ही केला तरच. गुगलवर कस्टमर केअर म्हणून शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करू नका, आणि रिफंड घ्यायला कुणाला ओटीपी सांगू नका, क्यूआर स्कॅन करू नका, यूपीआयचा पिन घालू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो.

वरची पायरी

मंगळवारी आम्ही अ‍ॅपच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याला, मेल केला. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो, बहुतेक पार तळाशी बारीक अक्षरात असतं. त्यानं तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांच्या आत द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असा नियम आहे. चॅटवरचा माणूस आणि हा अधिकारी यात फरक असा की चॅटवाल्याकडं ठरलेली चार बटणं असतात, कूपन दे, वाट बघायला सांग, असली. वहिनींना पण ५०० रुपयांचं कूपन देऊ केलेलं. कूपन स्वीकारलं की तक्रार मिटली असं धरलं जाऊ शकतं, त्यामुळं नको असेल तर सरळ नको म्हणून लिहा.

बुधवारी पोच आली, आणि त्याच दिवशी आम्ही १९१५ लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. आपल्या भागातल्या लोकांना हे मुद्दाम सांगतो, तिथं मराठी पण चालतं आणि कन्नड पण. वहिनी स्वतः मराठीत बोलल्या, आठवडाभरात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं असं त्या म्हणाल्या. फोन नको असेल तर consumerhelpline.gov.in वर लिहून पण देता येतं. एक क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. पण हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती तुमची तक्रार कंपनीपुढं नेऊन ठेवते आणि उत्तर मागते, पैसे द्या असा हुकूम काढू शकत नाही. मोठ्या कंपन्या बऱ्याच वेळा ऐकतात, कुठल्यातरी इन्स्टाग्राम पेजवरनं घेतलं असेल आणि ते पेजच गायब झालं असेल तर उत्तर मागायचं कुणाकडं. असल्या फसवणुकीत मग १९३० हा सायबर क्राइमचा नंबर, आणि तो पण लगेच.

शुक्रवारी विक्रेत्याचा परत फोन आला, आता आवाज वेगळा. मी वहिनींना सांगितलं व्हिडिओ कॉल करायला सांगा. त्यांनी खिडकीत उभं राहून पदर उजेडाला धरला, गोंड्यातला धागा त्याच्यासमोर जाळला, मणी बोटावर घेऊन कॅमेऱ्याला लावला. तो पण कापडातलाच माणूस, बघितल्या बघितल्या गप्प झाला. म्हणाला मला वरनं माल असाच आला, ब्लाउजपीसचे ६०० धरून बाकीचे देतो. वहिनी हो म्हणाल्या, ३,६०० वर मिटलं. आठवडाभर लिहून जे झालं नव्हतं ते सात-आठ मिनिटांत झालं, आणि ते समोरासमोर बसल्याच्या जवळपास गेलं म्हणून झालं. पण हे पण खरं की आधी मेल आणि १९१५ चा क्रमांक नसता तर तो फोन आलाच नसता. ठरलेलं सगळं आम्ही लगेच तिकिटात लिहिलं, रक्कम, साडी कोण नेणार, पैसे कधी. कुरिअरवाला साडी घेऊन गेला आणि पैसे खात्यात आले विसाव्या दिवशी.

साखरपुडा बाराव्या दिवशी झाला. वहिनींनी दुसरी साडी घेतली, टेलरचे ३५० गेले, आणि त्या बारा दिवसांत घरात जो ताण होता त्याचा हिशोब अ‍ॅपमध्ये कुठंच नाही. अ‍ॅप वस्तूची किंमत परत देतं, वेळेवर न मिळाल्याचं नुकसान देत नाही.

ते पण पाहिजे असेल तर

मग ग्राहक आयोग. आता त्याच्यासाठी सुरतला जावं लागत नाही, २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे निपाणी, खानापूर, चिकोडीवाल्यांना बेळगाव. e-jagriti.gov.in वर ऑनलाइन भरता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत दोन वर्षं. विक्रेता आणि अ‍ॅप दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर एक दुसऱ्याकडं बोट दाखवतो. मालाची लॅबमध्ये तपासणी करायला आयोग सांगू शकतो, म्हणजे तिथं साडीला खरंच कुणीतरी हात लावतो. कायद्यात निकालाला ३ महिने आणि तपासणी लागली तर ५ महिने धरलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात हे धरूनच जा. कामकाज आपल्याकडं कन्नड नाहीतर इंग्रजीत, तेव्हा कागद तयार करताना जाणकाराला सोबत घ्या.

आयोगात एक सोय आहे ती फार कमी लोक वापरतात. मिटण्यासारखं दिसलं आणि दोघांनी लेखी संमती दिली तर आयोग प्रकरण मध्यस्थाकडं पाठवतो. म्हणजे फिरून फिरून परत बोलण्यावरच येतं, एक माणूस मधे आणि दोन बाजूला दोन. ४,२०० च्या साडीसाठी एवढं करायचं का ते तुम्ही ठरवा, फ्रिज-वॉशिंग मशीन असेल तर मी करा म्हणेन.

समोरासमोरचं सगळं गोड असं पण मी म्हणत नाही. दुकानदार मी आहे म्हणून सांगतो, दुकानात चार लोकांसमोर गरीब बाई तक्रार करायला लाजते, जुन्या ओळखीचा दाब असतो, बिल नसलं तर तोंडी बोलण्याला पुरावा नाही आणि दुकानदार 'नाही' म्हणाला की वर कुणाकडं जायचं ते माहीत नसतं. अ‍ॅपवर निदान तुमचं प्रत्येक वाक्य तारीख-वेळेसकट राहतं, आणि निपाणीच्या बाईला सुरतच्या व्यापाऱ्याशी बरोबरीनं भांडता येतं.

आमच्या बेळगावातल्या वडगाव-खासबागचे काही विणकर आता स्वतः ऑनलाइन साड्या विकायला लागलेत, त्यांची पण उलटी भांडणं माझ्याकडं येतात, चांगली साडी पाठवली आणि परत आली ती कुणीतरी नेसलेली जुनी. त्यांना एवढंच सांगतो, पॅक करताना आणि परत आलेलं पार्सल उघडताना, दोन्ही वेळा लेबलसकट व्हिडिओ काढा, साडीच्या काठाला आतनं आपली बारीक खूण ठेवा, आणि क्लेमची मुदत अ‍ॅपवर बघून त्याच दिवशी टाका. पानावर 'सिल्क' लिहिताना ताणा-बाणा कशाचा ते पूर्ण लिहा, आणि बिलावर कोड बरोबर टाका, कारण आता गिऱ्हाईक पण तो बघायला लागलंय.